फॉइल पात्र

फॉइल पात्र म्हणजे नाटकातील किंवा कथात्म साहित्यातील असे पात्र, ज्याच्याशी असलेल्या विरोधामुळे दुसऱ्या पात्राचे, बहुधा नायकाचे, स्वभावविशेष अधिक ठळकपणे दिसू लागतात. मराठी समीक्षेत अशा पात्रासाठी 'विरोधदर्शक पात्र' अशी वर्णनात्मक शब्दयोजना करता येते. फॉइल पात्र हे नायकाचे शत्रू असेलच असे नाही. ते त्याचा मित्र, भाऊ, सहाध्यायी किंवा क्वचित केवळ संवादातून उल्लेखलेली व्यक्तीही असू शकते. त्याचे कार्य नायकाला अडवण्याचे नसून त्याला उठाव देण्याचे असते.

या लेखात संकल्पनेचे स्वरूप सांगून विल्यम शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' या नाटकातील लेअर्टीस आणि फोर्टिनब्रास या दोन पात्रांच्या आधारे तिचे विवेचन केले आहे.

शब्दाची व्युत्पत्ती

'फॉइल' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पानासारखा पातळ ठोकलेला धातूचा पत्रा, असा त्याचा अर्थ झाला. जवाहिरे कोंदणात खडा बसवताना त्याच्याखाली असा चकचकीत पत्रा ठेवत असत. पत्रा स्वतः दिसत नसे, परंतु त्यामुळे खड्याचे तेज वाढे. या व्यवहारातूनच साहित्यविचारातील अर्थ आला.

शेक्सपिअरने हा रूपकात्मक अर्थ आपल्या नाटकांत जाणीवपूर्वक वापरला आहे. 'चौथा हेन्री, भाग पहिला' या नाटकाच्या पहिल्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात राजपुत्र हॅल आपल्या स्वगतात म्हणतो की, आपल्या आजच्या उनाडपणाच्या पार्श्वभूमीवर उद्याची सुधारणा अधिक झळकेल. येथे हॅलचे पूर्वायुष्य हेच त्याच्या उत्तरायुष्याचे फॉइल ठरते. 'हॅम्लेट'च्या शेवटच्या प्रवेशात तलवारबाजीचा सामना सुरू होण्यापूर्वी हॅम्लेट लेअर्टीसला सांगतो की, मी तुझा फॉइल होईन. माझ्या अडाणीपणाच्या अंधारात तुझे कौशल्य ताऱ्यासारखे चमकेल. सरावाच्या बोथट तलवारीलाही इंग्रजीत 'फॉइल' म्हणतात, त्यामुळे या वाक्यात श्लेष साधला आहे. नाटककाराने या दोन पात्रांचे परस्परसंबंध कोणत्या दृष्टीने रचले आहेत, याची सूचना त्या श्लेषातून मिळते.

साम्याची आवश्यकता

फॉइल पात्राची व्याख्या करताना केवळ विरोधावर भर दिला जातो. परंतु विरोध अर्थपूर्ण होण्यासाठी आधी साम्य असावे लागते. शूर सेनापती आणि भित्रा न्हावी यांच्यातील फरक कोणालाही दिसतो, पण त्यातून सेनापतीविषयी फारसे काही कळत नाही, कारण दोघांपुढील प्रश्नच वेगळे असतात. एकाच वयाच्या, एकाच थरातील आणि एकाच पेचात सापडलेल्या दोन व्यक्ती वेगवेगळ्या वागल्या, तर मात्र त्या फरकाचे कारण परिस्थितीत शोधता येत नाही; ते स्वभावातच शोधावे लागते. फॉइल पात्राचे खरे कार्य हेच आहे.

हे साम्य निर्माण करण्यासाठी नाटककार प्रसंगी इतिहासही बदलतो. 'चौथा हेन्री' नाटकात राजपुत्र हॅल आणि बंडखोर हॉटस्पर हे समवयस्क तरुण म्हणून दाखवले आहेत आणि राजाला हॉटस्परसारखा मुलगा असावा असे वाटते. प्रत्यक्षात हॉटस्परचा जन्म 1364 सालचा आणि हॅलचा 1386 सालचा. हॉटस्पर वयाने खुद्द चौथ्या हेन्री राजापेक्षाही थोडा मोठा होता. शेक्सपिअरने हे अंतर पुसून टाकल्यामुळेच दोघांची तुलना शक्य झाली.

'हॅम्लेट'मधील तीन पुत्र

'हॅम्लेट' नाटकात पित्याच्या मृत्यूचा हिशेब चुकवू पाहणारे तीन पुत्र आहेत. डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट याच्या पित्याचा खून काका क्लॉडियस याने केला आहे. नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याचा पिता हॅम्लेटच्या पित्याशी झालेल्या द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि पैजेत लावलेला प्रदेश डेन्मार्ककडे गेला. दरबारी पोलोनियस याचा मुलगा लेअर्टीस याचा पिता हॅम्लेटच्या हातून, पडद्याआड लपलेला असताना, मारला जातो. अशा रीतीने एकच प्रश्न तिघांपुढे उभा राहतो. त्यात आणखी एक बारकावा आहे. हॅम्लेट आणि फोर्टिनब्रास या दोघांच्याही बाबतीत पित्याच्या पश्चात गादीवर पुत्र नव्हे तर काका बसला आहे.

साम्याची ही मांडणी पहिल्या अंकापासूनच सुरू होते. दुसऱ्या प्रवेशात लेअर्टीस फ्रान्सला परतण्याची परवानगी मागतो आणि राजा ती आनंदाने देतो. त्याच प्रवेशात हॅम्लेटची विटेनबर्गच्या विद्यापीठात परत जाण्याची इच्छा मोडून काढली जाते. एक तरुण मोकळा आहे आणि दुसरा दरबारात अडकला आहे, हे प्रेक्षकाला पित्याच्या भूताचे रहस्य कळण्यापूर्वीच दिसते.

लेअर्टीस

पित्याच्या मृत्यूची वार्ता कळताच लेअर्टीस फ्रान्सहून गुप्तपणे परततो. चौथ्या अंकातील पाचव्या प्रवेशात तो जमाव घेऊन राजवाड्याचे दरवाजे फोडतो. जमाव त्यालाच राजा करण्याच्या घोषणा देत असतो. निष्ठा, विवेक, परलोक या कशाचीही आपल्याला पर्वा नाही, सूड मात्र पुरा झाला पाहिजे, असे तो राजाला तोंडावर सांगतो. हॅम्लेटने जे करण्यात तीन अंक घालवले, ते लेअर्टीस एका प्रवेशात करून दाखवतो असे येथे वाटते. शालेय निबंधांतील नेहमीचे विधान, म्हणजे लेअर्टीस कृतिशील आणि हॅम्लेट निष्क्रिय, याच प्रवेशावर आधारलेले असते.

हे विधान अपुरे आहे. हॅम्लेट निष्क्रिय नाही. तो पडद्यामागच्या माणसावर क्षणात तलवार चालवतो, इंग्लंडच्या वाटेवर आपल्याच मृत्यूचा आदेश असलेले पत्र बदलून रोझेनक्रँट्झ आणि गिल्डनस्टर्न यांना मृत्यूकडे पाठवतो आणि चाच्यांच्या जहाजावर एकटा उडी घेतो. तेव्हा दोघांतील खरा फरक कृती करण्या-न करण्याचा नसून कृतीपूर्वी खात्री करून घेण्याच्या रीतीचा आहे. हॅम्लेटला भूताच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. ते भूत सैतानाचे रूपही असू शकेल, अशी शंका त्याला येते. म्हणून तो नटांकरवी खुनाचा प्रसंग राजापुढे सादर करवतो आणि राजाच्या चेहऱ्यावरून पुरावा मिळवतो. लेअर्टीस अशी कोणतीही पारख करत नाही. आधी तो राजालाच अपराधी समजून चालून येतो आणि राजाने समजूत घातल्यावर तितक्याच वेगाने त्याच राजाच्या हातातील हत्यार बनतो. पोलोनियसला हॅम्लेटने मारले हे राजाचे म्हणणे खरे आहे. परंतु तो प्रसंग कसा घडला आणि राजाचा त्यात कोणता स्वार्थ आहे, हे प्रश्न लेअर्टीसला पडत नाहीत.

या विरोधाचा सर्वांत नेमका क्षण दोन प्रवेशांच्या तुलनेत सापडतो. तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात क्लॉडियस गुडघे टेकून प्रार्थना करत असताना हॅम्लेट तलवार उपसून त्याच्या मागे उभा असतो, पण वार करत नाही. चौथ्या अंकातील सातव्या प्रवेशात क्लॉडियस लेअर्टीसला विचारतो, पित्याचा खरा पुत्र आहेस हे दाखवण्यासाठी तू काय करशील? लेअर्टीसचे उत्तर असे की, देवळातसुद्धा त्याचा गळा चिरीन. प्रार्थनेच्या वेळी आपण स्वतः कसे वाचलो हे क्लॉडियसला ठाऊक नाही. प्रेक्षकाला मात्र ठाऊक आहे. त्यामुळे हे उत्तर ऐकताच प्रेक्षकाला आधीचा प्रवेश आठवतो आणि तुलना आपोआप घडते.

तथापि या तुलनेतून हॅम्लेट दयाळू आणि लेअर्टीस क्रूर असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रार्थना करताना मारले तर क्लॉडियसचा आत्मा स्वर्गात जाईल, म्हणून पापात रमलेल्या क्षणी त्याला गाठावे, असा हॅम्लेटचा विचार असतो. म्हणजे लेअर्टीसला केवळ देहाचा सूड हवा आहे, तर हॅम्लेटला आत्म्याचाही. येथे फॉइल पात्र नायकाला उजळ करत नाही, तर त्याच्या मनाची एक काळी बाजू उघड करते. उठाव देणे म्हणजे गौरव करणे नव्हे, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

शेवटच्या अंकात हे नाते उलटे फिरते. विषारी तलवारीचा कट लेअर्टीसच्या अंगावर येतो. मरताना तो कट उघड करतो, राजाचे नाव घेतो आणि हॅम्लेटशी क्षमेची देवाणघेवाण करतो. आयुष्यभर विचार न करता कृती करणारा लेअर्टीस शेवटी सद्‌सद्विवेकाचा आवाज ऐकतो, तर विचारात गुंतलेला हॅम्लेट क्षणाचाही विलंब न लावता राजाला मारतो. चांगले फॉइल पात्र असे स्थिर नसते. नायक बदलतो तसे तेही बदलते.

फोर्टिनब्रास

फोर्टिनब्रास रंगमंचावर फार थोडा वेळ येतो, पण त्याची वार्ता पहिल्या प्रवेशापासून ऐकू येते. गमावलेला प्रदेश बळाने परत घेण्याची तयारी तो करत असतो. क्लॉडियस त्याच्या काकाकडे दूत पाठवतो, काका पुतण्याला आवर घालतो आणि जमवलेले सैन्य पोलंडवर नेण्याची परवानगी देतो. चौथ्या अंकातील चौथ्या प्रवेशात हे सैन्य डेन्मार्कमधून जाताना हॅम्लेटला भेटते. ज्या जमिनीसाठी ही मोहीम आहे ती पाच मोहरा खंडानेही आपण कसायला घेणार नाही, असे त्या सैन्यातील एक अधिकारी सांगतो. त्यावर हॅम्लेट दीर्घ स्वगत बोलतो. वीस हजार माणसे अशा तुकड्यासाठी मरणाकडे चालली आहेत, ज्यावर त्यांना पुरायलाही जागा पुरणार नाही. आणि आपल्याजवळ एवढे मोठे कारण असून आपण स्वस्थ आहोत, अशी स्वतःची निर्भर्त्सना तो करतो.

येथे तुलना प्रेक्षकाने करायची नसून ती नायकच करतो. मात्र त्या तुलनेतील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. हॅम्लेट फोर्टिनब्रासला आदर्श मानतो, परंतु त्याच श्वासात त्या मोहिमेचा निरर्थकपणाही मोजून दाखवतो. फोर्टिनब्रासला न पडणारा प्रश्न हॅम्लेटला पडतो, आणि तोच हॅम्लेटचा स्वभाव आहे. नाटकाच्या शेवटी डेन्मार्कची गादी फोर्टिनब्रासकडे जाते आणि तो हॅम्लेटचे शव सैनिकाला शोभेल अशा इतमामाने नेण्याची आज्ञा देतो. हॅम्लेटला तो आपल्या मापाने मोजतो. प्रेक्षकाने पाहिलेला हॅम्लेट त्या मापात मावत नाही.

पाठभेद आणि त्यांचा परिणाम

'हॅम्लेट'चे तीन जुने पाठ उपलब्ध आहेत: 1603 चा पहिला क्वार्टो, 1604-05 चा दुसरा क्वार्टो आणि 1623 चा पहिला फोलिओ. फॉइल पात्रांच्या दृष्टीने यांतील शेवटच्या दोन पाठांतील फरक महत्त्वाचा आहे. फोर्टिनब्रासचे सैन्य पाहून हॅम्लेट जे स्वगत बोलतो ते दुसऱ्या क्वार्टोत आहे, फोलिओत नाही. याउलट, आपल्या दुःखाच्या प्रतिमेत आपल्याला लेअर्टीसच्या दुःखाचे चित्र दिसते, असे हॅम्लेट होरेशियोला शेवटच्या प्रवेशात सांगतो, ते वाक्य फोलिओत आहे. दुसऱ्या क्वार्टोत नाही. म्हणजे एका पाठात हॅम्लेट स्वतःची तुलना फोर्टिनब्रासशी उघडपणे करतो आणि दुसऱ्यात लेअर्टीसशी.

आजच्या बहुतेक शालेय आवृत्त्यांत दोन्ही पाठ एकत्र केलेले असल्यामुळे दोन्ही उतारे वाचायला मिळतात. प्रयोगात मात्र वेळेअभावी फोर्टिनब्रासचा भाग अनेकदा गाळला जातो. तसे झाल्यास नाटक एका घराण्याची शोकांतिका उरते आणि राज्य परक्याच्या हाती जाण्याचा अर्थ मावळतो. केवळ प्रयोग किंवा चित्रपट पाहून निबंध लिहिणाऱ्याने त्यातील संहिता संक्षिप्त होती का, हे पाहणे आवश्यक ठरते.

मराठी रंगभूमीच्या संदर्भात

'हॅम्लेट' मराठीत गोपाळ गणेश आगरकर यांच्या 'विकारविलसित' (1883) या भाषांतरातून आले आणि गणपतराव जोशी यांची त्यातील प्रमुख भूमिका विशेष गाजली. स्वतंत्र मराठी नाटकांतही फॉइल पात्राची उदाहरणे आढळतात. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' (प्रथम प्रयोग 1919) या नाटकात सुधाकर आणि भगीरथ हे दोघेही मद्याच्या आहारी गेलेले आहेत. भगीरथ रामलालच्या सहवासात सावरतो. त्याच रामलालचा स्नेह लाभूनही सुधाकर सावरत नाही. भगीरथ नसता तर सुधाकरच्या ऱ्हासाचे सारे खापर दारूवर फोडता आले असते. तो असल्यामुळे सुधाकरच्या मानी, अपमान सहन न होणाऱ्या स्वभावाकडे लक्ष वळते. याच नाटकात सिंधू आणि गीता या मद्यपींच्या दोन पत्नींचीही जोडी आहे. सोशिक सिंधूच्या शेजारी फटकळ गीता उभी असल्यामुळे सिंधूचे मौन ही तिची निवड आहे, हे जाणवते.

फॉइल आणि प्रतिनायक यांतील भेद

प्रतिनायक नायकाच्या उद्दिष्टाला विरोध करतो, तर फॉइल पात्र नायकाच्या स्वभावाशी विरोध दर्शवते. पहिला विरोध कथानकातील आहे, दुसरा वाचकाच्या मनात घडणाऱ्या तुलनेतील. 'हॅम्लेट'मध्ये क्लॉडियस हा प्रतिनायक आहे. होरेशियो हा हॅम्लेटचा विश्वासू मित्र असूनही फॉइल आहे; विकारांचा गुलाम नसलेला माणूस म्हणून हॅम्लेटच त्याची स्तुती करतो आणि त्यातून स्वतःमध्ये काय कमी आहे हे सुचवतो. लेअर्टीस चौथ्या अंकापासून दोन्ही भूमिका पार पाडतो. फोर्टिनब्रास डेन्मार्कचा शत्रू म्हणून नाटकात येतो, पण हॅम्लेटशी त्याचा सामना कधीच होत नाही.

एखादे पात्र फॉइल आहे की नाही हे ठरवण्यासाठी तीन गोष्टी पाहता येतात. दोघांपुढील प्रसंग खरोखर समान आहे का. संहितेतच तुलनेची सूचना आहे का, म्हणजे शेजारी ठेवलेले प्रवेश, पुन्हा आलेला प्रश्न किंवा एका पात्राचे दुसऱ्याविषयीचे बोलणे. आणि ते पात्र काढून टाकल्यास नायकाविषयीचे नेमके कोणते आकलन नाहीसे होते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते पात्र केवळ वेगळे आहे, फॉइल नाही.

निबंधलेखनातील उपयोग

या विषयावरील निबंधात सामान्यतः आढळणारा दोष म्हणजे दोन स्तंभांची यादी: एका बाजूला नायकाचे गुण, दुसऱ्या बाजूला त्यांचे विरुद्धार्थी शब्द. अशा यादीतून दोन माणसे वेगळी आहेत एवढेच सिद्ध होते. दुसरा दोष म्हणजे दोघांतील एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट ठरवून थांबणे.

त्याऐवजी परिच्छेदाची सुरुवात साम्यापासून करावी, नंतर दोन नेमके प्रवेश शेजारी ठेवावेत आणि शेवटी त्या फरकातून नायकाविषयी, फॉइलविषयी नव्हे, एक विधान करावे. 'हॅम्लेट'च्या बाबतीत असा परिच्छेद पुढीलप्रमाणे उभा राहतो. हॅम्लेट आणि लेअर्टीस या दोघांचेही पिते मारले गेले आहेत आणि दोघेही सूड हे कर्तव्य मानतात. प्रार्थनेच्या प्रवेशात हॅम्लेट तलवार म्यान करतो, तर लेअर्टीस देवळातही गळा चिरण्याची तयारी दाखवतो. यावरून असे म्हणता येते की हॅम्लेटला रोखणारी गोष्ट भीती नसून कृतीचा शेवटपर्यंतचा परिणाम स्वतःच्या हाती ठेवण्याचा अट्टहास आहे. आणि तो अट्टहास सुटतो तेव्हाच, पाचव्या अंकात, त्याच्या हातून कृती घडते.

या विधानाशी मतभेद होऊ शकतो. पण ते संहितेतील दोन ठिकाणांवर उभे असल्यामुळे त्याचे खंडनही संहितेतूनच करावे लागते, आणि गुणांच्या यादीपेक्षा त्याचे मोल त्यामुळेच अधिक आहे.